"हॅलो????" आल्यावर पहिलं उत्तर कसं लिहावं

"देवगडजवळ आमचा घरचा आंबा आहे, पेट्या व्हॉट्सॲपवर विकतो. सीझनला मेसेज इतके येतात की काही राहून जातात. पुण्याच्या एका काकांनी सोमवारी पैसे पाठवले, त्यांचं बघायचं राहिलं आणि मंगळवारी सकाळी त्यांचा 'हॅलो????' आला. अशा वेळी 'सॉरी, उशीर झाला, बोला' एवढं पुरतं का? की आधी सगळी माहिती काढून मगच उत्तर द्यायचं?"

"बोला" तर अजिबात लिहू नका. काका आधीच बोललेले आहेत, तेही दोनदा-तीनदा. त्यांचे प्रश्न वर तसेच पडून आहेत. त्यावर "बोला" म्हटलं की त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि आपलं कुणी वाचलेलंच नाही याची खात्री पटते.

माहिती काढून मगच उत्तर द्यायचं, हेही नको. तुम्ही खातं तपासाल, भावाला विचाराल, गाडीवाल्याला फोन लावाल, यात अर्धा तास सहज जातो. तेवढ्या वेळात तुमच्या नावाखाली "ऑनलाइन" दिसतं, त्यांच्या मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, आणि तरी उत्तर नाही. पैसे देऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यात त्या अर्ध्या तासात जे येतं ते वैतागाच्याही पुढचं असतं. पैसे बुडाले, असं त्याला वाटू लागतं. ती चार प्रश्नचिन्हं बहुतेक वेळा भीतीची असतात.

म्हणून उत्तर दोन टप्प्यांत द्या. पहिला मेसेज चॅट उघडल्यापासून दोन-तीन मिनिटांत जायला हवा. त्यात झालेला उशीर कबूल करायचा आणि पक्की माहिती किती वाजता देणार ते सांगायचं. दुसरा मेसेज त्या वेळेच्या आत, माहितीसकट. या दोन-तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट मात्र लिहिण्यात घालवू नका, वर सरकून वाचण्यात घालवा.

किती वर जायचं? तुमच्याकडून गेलेल्या शेवटच्या मेसेजच्याही थोडं वर. हे फार जणांकडून राहतं. लोक शेवटचा "हॅलो????" बघतात, त्याच्या वरचा एखादा मेसेज बघतात आणि लिहायला लागतात. समजा काकांचं चॅट असं आहे:

> शनिवार, रात्री ८:०५ — गुरुवारी अक्षय्य तृतीया. नैवेद्याला हवेत. दोन डझनची पेटी मिळेल का?
> शनिवार, रात्री ८:२० (तुम्ही) — हो काका, मिळेल. १,८०० होतील. पैसे आले की पाठवतो.
> सोमवार, सकाळी ११:४० — पैसे पाठवले. (स्क्रीनशॉट) पेटी कधी निघेल?
> सोमवार, संध्याकाळी ६:१० — बघितलं का?
> मंगळवार, सकाळी ९:२० — हॅलो????

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शनिवारच्या ओळीत आहे. त्यांना पेटी हवी आहे ती गुरुवारच्या नैवेद्यासाठी. सोमवारी त्यांनी विचारलं "कधी निघेल", पण मनातला प्रश्न "गुरुवारपर्यंत पिकलेला आंबा ताटात येईल का" हा आहे. शनिवारची ओळ न वाचता तुम्ही "पेटी आज निघेल, उद्या मिळेल" असं लिहिलंत, तर उत्तर बरोबर असूनही उपयोगाचं नाही, कारण बुधवारी पुण्यात उतरलेली कच्ची पेटी गुरुवारी खाण्याजोगी नसते. मग गुरुवारी सकाळी याहून कडक मेसेज येतो आणि तेव्हा तुमच्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही.

आता पहिला मेसेज. साडेनऊ वाजता चॅट उघडलंत असं धरू:

> काका, काल ११:४० ला तुम्ही पैसे पाठवून पेटी कधी निघेल असं विचारलंत, संध्याकाळी पुन्हा विचारलंत, आणि आज सकाळपर्यंत आमच्याकडून एक ओळही आली नाही. पैसे देऊन असं ताटकळत बसावं लागलं तर कुणालाही वैताग येईल. चूक आमची आहे, माफ करा. गुरुवारी नैवेद्याला हवेत हेही लक्षात आहे. पैसे जमा झालेत का आणि पेटी कधी निघते, दोन्ही आत्ता बघते आणि ९:५० च्या आत इथेच लिहिते.

हा मेसेज थोडा लांब वाटेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य काही काम करतं.

पहिलं वाक्य नमस्काराने सुरू होत नाही, थेट उशिराने सुरू होतं. फोन बंद असताना पडद्यावर मेसेजचे पहिले काही शब्दच दिसतात. तिथे "नमस्कार, आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल" एवढंच दिसलं तर हे मशीनने पाठवलंय असं समजून माणूस आणखी चिडतो. "काका, काल ११:४० ला तुम्ही" एवढं जरी दिसलं तरी कुणीतरी नीट वाचून लिहितंय हे कळतं. त्याच कारणाने आधी नुसतं "नमस्कार काका" पाठवून मग पुढचं टाइप करत बसू नका. बावीस तास वाट बघितल्यावर हातात फक्त एक "नमस्कार" पडला की त्यावर पाचवं प्रश्नचिन्ह येणारच. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा, मग पाठवा. शक्य असेल तर त्यांच्या ११:४० च्या मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा आणि त्यालाच धरून उत्तर द्या. तुमच्या उत्तरावर त्यांचा मूळ प्रश्न चिकटलेला दिसतो.

वेळ लिहिलेली आहे, "थोडा उशीर झाला" असं मोघम नाही. ज्याने वाट पाहिली त्याला वेळ पाठ असते. तुम्ही "थोडा" म्हटलंत की त्याच्या मनात लगेच हिशोब सुरू होतो, "थोडा? कालपासून बसलोय." खरा आकडा तुम्हीच मांडलात की त्याला तो तुमच्यापुढे मांडावा लागत नाही, आणि भांडणाचा पहिला मुद्दाच उरत नाही.

वैतागाचं वाक्य नीट पाहा. "तुम्ही चिडलेले दिसताय" असं त्यात नाही. माणसाला तो चिडला आहे असं सांगितलेलं कुणालाच आवडत नाही, आणि आपल्याकडची वडीलधारी मंडळी तर "मी कुठे चिडलोय?" म्हणून खरोखरच चिडतात. "तुमची भावना समजू शकतो" हेही नको. बँका आणि मोबाइल कंपन्यांनी ते इतकं वापरलंय की ते ऐकलं की समोर कागद वाचणारं कुणीतरी डोळ्यांपुढे येतं. त्यापेक्षा काय घडलं ते सांगा आणि त्यावर वैतागणं रास्त आहे असं म्हणा. "पैसे देऊन ताटकळत बसावं लागलं" ही घडलेली गोष्ट आहे. त्यांच्या वैतागाला कारण आहे हे तुम्ही मान्य केलंत की तो सिद्ध करायची त्यांना गरज राहत नाही.

माफी एकदाच, आणि तिच्या मागे "पण" नाही. "माफ करा, पण सीझनमध्ये मेसेज खूप असतात" हे वाक्य बहुतेकांच्या बोटांतून आपोआप येतं, आणि त्यातला "पण" आधीची माफी पुसून टाकतो. काकांच्या दृष्टीने तुमच्याकडे मेसेज खूप असणं म्हणजे तुमचा धंदा जोरात असणं. त्यांच्या पेटीच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. दुसऱ्या बाजूला, चार वेळा "खूप खूप सॉरी" आणि हात जोडलेल्या चित्रांची रांगही लावू नका. मग "असू दे, होतं असं" म्हणून समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते, आणि पेटीचा विषय बाजूला पडतो.

शेवटचं वाक्य वेळेचं वचन देतं. "लवकरच कळवते" किंवा "बघून सांगते" याला अर्थ नाही, कारण कालही त्यांना तेच वाटलं होतं. घड्याळातली वेळ द्या, आणि तुम्हाला लागेल त्यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त धरून द्या. "इथेच लिहिते" हे शब्दही मुद्दाम आहेत. नाहीतर काका फोन जवळ घेऊन कॉलची वाट बघत बसतात.

कारण अजिबात द्यायचं नाही का? द्यायचं, पण दुसऱ्या मेसेजमध्ये, माहिती देऊन झाल्यावर, एका ओळीत आणि खरं. "नेटवर्क नव्हतं", "फोन बिघडला होता" असली कारणं देऊच नका. सोमवारी रात्री तुम्ही आंब्याच्या पेट्यांचे फोटो स्टेटसला टाकले असतील, तर काकांनी ते पाहिलेले असतात. निळ्या खुणा उमटलेल्या असताना "मेसेज पाहिलाच नाही" हेही तसंच. तुमच्या घरात एकाच नंबरवर दोघं-तिघं काम करत असतील तर खरं कारण बहुधा वेगळंच असतं. जोडलेल्या एका उपकरणावर कुणी चॅट उघडलं की ते सगळीकडे वाचलेलं दिसतं, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. तसं झालं असेल तर तेच सांगा: "मेसेज भावाने उघडला होता, मला वाटलं त्याने उत्तर दिलं." ही साधी ओळ लोकांना पटते, कारण त्यांच्या घरातही असंच होतं.

आता ९:५० च्या आतला दुसरा मेसेज. त्यासाठी दोन गोष्टी तपासायच्या: पैसे आणि पेटी.

पैसे स्क्रीनशॉटवरून तपासू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमधल्या नोंदीवरून तपासा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी यूटीआर क्रमांक असतो. स्क्रीनशॉटवरचा क्रमांक आणि खात्यातल्या नोंदीचा क्रमांक जुळला की विषय संपला. पेटीसाठी गाडी कोणती, कधी सुटते, पुण्यात कुठे आणि किती वाजता उतरते हे गाडीवाल्याला विचारून घ्या, आणि गुरुवारी खाता येईल असा माल आहे का ते आढीत स्वतः बघून या. मग लिहा:

> काका, तुमचे १,८०० रुपये काल ११:३८ ला जमा झालेत. पेटी मात्र काल निघालेली नाही. आज संध्याकाळी ७ च्या ट्रॅव्हल्सने पाठवते, उद्या सकाळी स्वारगेटला मिळेल. गुरुवारी नैवेद्याला हवेत म्हणून एक डझन आढीत तयार होत आलेले घालते, दुसरा डझन कच्चा, तो पुढे चार-पाच दिवसांत होईल. तयार फळं प्रवासात थोडी दबू शकतात, म्हणून पेंढा जास्त घालून वरच्या थरात ठेवते. हे चालेल का? नको असेल तर तसं सांगा, पूर्ण पैसे आजच परत करते. मेसेज घरात दुसऱ्याने उघडला होता, मला वाटलं उत्तर गेलं, म्हणून राहिलं.

इथे वाईट बातमी दुसऱ्याच वाक्यात आहे: पेटी निघालेली नाही. पैसे आले हे आधी सांगितलं, कारण भीती त्याची होती. त्यानंतर लगेच न निघाल्याचं सांगितलं, गोड बोलून शेवटी ढकललं नाही. "पॅकिंग चालू आहे" असं अर्धसत्य लिहिलं असतं तर बुधवारी पावतीवर मंगळवारची तारीख बघून ते उघड झालंच असतं.

माल कसा असेल हेही आधीच सांगितलं आहे. गुरुवारी सगळी पेटी पिकलेली मिळेल असं वचन देणं सोपं आहे, पण तयार फळाला रात्रभरचा प्रवास सोसत नाही. खालच्या थरातलं दबतं, देठाशी काळं पडतं. पेटी उघडल्यावर चार फळं दबलेली निघणार असतील तर ते आज कळलेलं बरं, कारण आज काका "चालेल" म्हणू शकतात. उद्या कळलं तर ती फसवणूक वाटते. तुमच्याकडे तयार माल नसेल तर तेही स्पष्ट लिहा: "गुरुवारी खाण्याजोगे माझ्याकडे नाहीत. नैवेद्यापुरते चार तिथे घ्यावे लागतील." ग्राहक एका दिवसापुरता दुसरीकडे गेला तरी बिघडत नाही. तृतीयेच्या ताटात आंबा आला नाही, तर मात्र तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही.

पैसे परत करायची तयारी न मागता दाखवणं हे या मेसेजचं सगळ्यात मोठं बळ आहे. ती दाखवल्यावर बहुतेक लोक पैसे मागत नाहीत. आणि मागितले तर त्यांनी ज्या यूपीआय आयडीवरून पाठवले त्याच आयडीवर परत करा आणि हेही लिहा: "पैसे परत मिळायला तुम्हाला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही." परताव्याच्या नावाखाली पिन टाकायला लावून खातं रिकामं करण्याचे प्रकार इतके झालेत की आधीच घाबरलेल्या माणसाला ही ओळ धीर देते.

पैसे तुमच्या खात्यात दिसतच नसतील तर मजकूर बदलावा लागतो, आणि इथे शब्द जपून वापरायचे. "पैसे आलेच नाहीत" असं लिहिलं की "मी खोटं बोलतोय का?" असं उत्तर येतं. खोटे स्क्रीनशॉट पाठवणारे असतात हे खरं, पण या माणसाने तसं केलंय असं सुचवायला तुमच्याकडे काही आधार नाही. असं लिहा:

> काका, तुमचा स्क्रीनशॉट पाहिला. आमच्या खात्यात ही रक्कम अजून दिसत नाही. स्क्रीनशॉटवरचा यूटीआर अर्धवट कापला गेलाय, तो बारा आकडी क्रमांक इथे पाठवाल का? आणि तुमच्या खात्यातून पैसे वजा झालेत का तेही सांगा. पुन्हा पैसे पाठवू नका, याचा निकाल लागेपर्यंत पेटी तुमच्या नावाने बाजूला ठेवते.

"पुन्हा पाठवू नका" हे फार महत्त्वाचं आहे. घाईत लोक दुसऱ्यांदा पैसे पाठवतात, मग पहिलेही येतात आणि नवा गोंधळ सुरू होतो. पैसे त्यांच्या खात्यातून गेले आणि तुमच्याकडे पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम लागू होतो. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली यूपीआय रक्कम पोचली नाही तर ती व्यवहारानंतर एका दिवसात परत फिरायला हवी. दुकानदाराच्या क्यूआरवर भरलेली रक्कम अडकली तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. हे काकांना दोन वाक्यांत सांगा, कारण त्यांना वाटतं पैसे तुमच्याकडे अडकलेत. तक्रार त्यांनी ज्या ॲपमधून पैसे पाठवले तिथेच, त्या व्यवहारावर जाऊन करायची असते. त्यांच्या वतीने तुम्हाला ती करता येत नाही, हेही सांगून ठेवा.

आता सगळ्यात जास्त जे बिघडतं ते. पहिला मेसेज छान जातो, काका शांत होतात, "ठीक आहे, वाट बघतो" असं लिहितात, आणि ९:५० उलटून जातात. गाडीवाला फोन उचलत नाही, तुम्ही त्याच्या मागे, वेळेचं भान नाही. ही दुसरी शांतता पहिल्या बावीस तासांपेक्षा जड जाते, कारण आता शब्द मोडलेला असतो. यावर उपाय एकच आहे. वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी, माहिती मिळो न मिळो, लिहायचं: "काका, पैसे जमा झालेत हे पाहिलं. गाडीवाल्याचा फोन अजून लागला नाही. १०:३० पर्यंत पुन्हा लिहिते, नाहीच लागला तर दुसरी गाडी बघते." त्यासाठी पहिला मेसेज पाठवल्या पाठवल्या फोनमध्ये ९:४८ चा गजर लावा. डोक्यात ठेवलेली वेळ सीझनमध्ये राहत नाही.

समोरून राग येतच राहिला तर काय? पहिल्या मेसेजवर "आता आठवण झाली का" असं आलं, तर ते सोसा. त्यावर पुन्हा माफीनामा लिहू नका आणि सफाईही देऊ नका. "बरोबर आहे तुमचं. ९:५० ला लिहिते" इतकंच पुरे. दुसऱ्या मेसेजनंतरही राग उतरत नसेल तर मात्र टाइप करणं थांबवा आणि "आत्ता फोन केला तर चालेल का?" असं विचारा. न विचारता फोन लावू नका. माणूस ऑफिसात असतो, मीटिंगमध्ये असतो. फोनवर जे ठरेल ते नंतर दोन ओळींत चॅटमध्ये लिहून ठेवा, नाहीतर दोन दिवसांनी "तुम्ही फोनवर वेगळं म्हणाला होतात" हा वाद होतो.

आता व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या दोन सोयींबद्दल, कारण त्या नेमक्या अशा वेळी घात करतात. `Greeting message` पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला जातो, आणि चौदा दिवस काहीच बोलणं झालेलं नसेल तर पुन्हा जातो. काकांना तो जाणार नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी आगाऊ पैसे देऊन बसलेल्या एखाद्या ताईंनी "हॅलो????" केलं, तर तुमच्याआधी तिथे "आमच्याकडे स्वागत आहे! अस्सल हापूस!" असा मेसेज पोचतो. तसं झालेलं दिसलं तर तुमच्या उत्तरात एक ओळ घाला: "वरचा मेसेज आपोआप गेला, तो सोडून द्या." `Away message` तर याहून अवघड. तो रात्रीच्या वेळेला लावलेला असेल आणि त्यात "आम्ही लवकरच संपर्क करू" असेल, तर रात्री दहाला तिसऱ्यांदा विचारणाऱ्यालाही तेच जातं. म्हणून त्यातला मजकूर बदला. `Business tools` मध्ये जाऊन तिथे तुम्ही खरोखर पाळू शकाल अशी वेळ लिहा:

> आत्ता फोनजवळ कुणी नाही. सकाळी ८ ते १० मध्ये सगळे मेसेज वाचून उत्तर देतो. पैसे पाठवले असतील तर यूटीआर क्रमांक लिहून ठेवा.

आणि `Quick replies` मध्ये माफीचा तयार मेसेज साठवून ठेवू नका. उशिराची वेळ, त्यांचा प्रश्न, त्यांचं कारण या तिन्ही गोष्टी प्रत्येक चॅटमध्ये वेगळ्या असतात, आणि त्याच त्या मेसेजचा जीव आहेत. गाडीच्या वेळा, स्वारगेटच्या ऑफिसचा पत्ता, पेटी आल्यावर आंबे एका थरात कागदावर पसरायचे आणि कच्चे असताना फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, ही माहिती तयार ठेवायला हरकत नाही.

राहिला प्रश्न राहून गेलेल्या बाकीच्या मेसेजचा. सकाळी चॅट उघडल्यावर तीस जण थांबलेले असतील तर हात आपोआप प्रश्नचिन्हांकडे जातो. तसं करू नका. आधी ज्यांनी पैसे दिलेत ते, त्यातही सगळ्यात जुना मेसेज आधी. मग ज्यांना ठरावीक दिवशी हवंय ते, मग नुसते भाव विचारणारे. पैसे भरून गप्प बसलेला माणूस चार प्रश्नचिन्हं टाकत नाही, तो नातेवाईकांना "तिथून मागवू नका" असं सांगतो, आणि ते तुमच्यापर्यंत कधीच येत नाही. त्याच्या चॅटवरही तोच पहिला मेसेज पाठवा, त्याने तक्रार केली नसली तरी. नुसता भाव विचारलेल्याला एवढं लांब लिहायची गरज नाही. "काल विचारलंत, उत्तर राहिलं, माफ करा. दोन डझन १,८००, आज गाडी आहे" इतकं पुरतं.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन लेबलं करा, "पैसे आले, उत्तर बाकी" आणि "वेळ दिली आहे". लेबल ग्राहकाला दिसत नाही. घरातल्या कुणीही चॅट उघडलं आणि उत्तर देता आलं नाही, तर बाहेर पडण्याआधी पहिलं लेबल लावायचं, हा नियम करा. चॅट न वाचलेलं म्हणून परत ठेवता येतं, पण निळ्या खुणा समोरच्याकडे गेलेल्याच असतात, त्यामुळे ती खूण फक्त तुमच्या आठवणीसाठी धरा. रात्री फोन ठेवण्याआधी फक्त ही दोन लेबलं उघडून बघायची. काकांच्या बाबतीत दुसरं लेबल बुधवारी सकाळी त्यांनी "पेटी मिळाली" असं लिहीपर्यंत काढू नका. त्यांनी लिहिलं नाही तर अकराच्या सुमारास तुम्ही विचारा, कारण ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात उन्हात पडून राहिलेली पेटी दुपारपर्यंत मऊ पडायला लागते.